वसतिगृह सोडून जाताना मुलांना निरोपाचं पत्र कसं लिहावं

वसतिगृह किंवा बालगृह सोडून जाणारे अधीक्षक, गृहमाता, किंवा परक्या मुलाला काही काळ आपल्या घरी सांभाळणारे पालक जाताना मुलांना पत्र लिहितात. माझं काम अशा संस्थांमधल्या कर्मचाऱ्यांचे बदल हाताळण्याचं आहे, त्यामुळे यातली बरीच पत्रं मुलांच्या हातात पडायच्या आधी माझ्याकडे वाचायला येतात. ती मनापासून लिहिलेली असतात. तरी बहुतेकांत एक उणीव हमखास असते. जाणाऱ्याच्या मनात काय दाटून आलंय ते सगळं पत्रात असतं, पण मागे राहणाऱ्याला जे विचारायचंय त्याचं उत्तर नसतं.

मुलाला तीन गोष्टी विचारायच्या असतात. तुम्ही माझ्यामुळे चाललात का? उद्यापासून माझं कोण बघणार? तुम्ही पुन्हा दिसाल का? घर सोडून आलेलं मूल हे प्रश्न सहसा तोंडाने विचारत नाही, कारण याआधी कुणी सोडून गेलं तेव्हाही त्याला नीट उत्तर मिळालेलं नसतं. पत्राने ही तीन उत्तरं द्यायची, खरी द्यायची आणि मुलाला समजतील अशा शब्दांत द्यायची. बाकी आठवणी, आभार, आशीर्वाद त्यानंतर.

आधी सांगायचं, मग लिहायचं

पत्रातून मुलाला बातमी कळता कामा नये. बातमी तोंडाने सांगायची आणि पत्र तिच्या मागून द्यायचं, कारण वाचता वाचता धक्का बसलेलं मूल पुढच्या ओळी वाचतच नाही.

कधी सांगायचं हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलांना महिनाभर आधी सांगितलं तर तो काळ त्यांना पेलत नाही, ती रोज सकाळी 'आज जाणार का?' असं विचारतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला चार दिवस आधी सांगितलं तर तिला ते फसवल्यासारखं वाटतं. वसतिगृहात लहान-मोठी मुलं एकत्र राहतात, त्यामुळे वेगवेगळ्या तारखा पाळता येत नाहीत. एकाला कळलं की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. म्हणून साधारण दोन आठवडे आधी, सगळ्यांना एकाच दिवशी सांगणं बरं. त्यातही ज्या दोन-तीन मुलांना हे सर्वांत जड जाणार आहे त्यांना त्याच दिवशी, पण इतरांच्या आधी, एकेकटं बसवून सांगावं. दुपारची शाळा सुटल्यानंतरची वेळ चांगली. झोपायच्या आधी सांगू नये, परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगू नये, आणि दुसऱ्या दिवशी आपली सुट्टी असेल तर मुळीच सांगू नये. मुलांना सकाळी उठल्यावर तुम्ही दिसायला हवे असता.

आणखी एक. राजीनामा दिल्या दिवसापासून मुलांना सांगेपर्यंत ही गोष्ट स्वयंपाकघरात आणि कार्यालयाच्या दारात बोलायची नाही. मुलं ऐकतात. मावशींच्या तोंडून अर्धवट कळलेल्या मुलाच्या मनात जी गोष्ट तयार होते ती तुमच्या खऱ्या कारणापेक्षा नेहमी जास्त वाईट असते.

सांगितल्यानंतर काही मुलं रडतात, काही अंगावर येतात, उलट बोलतात, अंथरूण ओलं करायला लागतात. कर्मचारी या मुलांची काळजी करतात, आणि 'ठीक आहे' म्हणून खेळायला निघून गेलेल्या मुलाबद्दल निश्चिंत होतात. जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर, आईपासून तुटून रुग्णालयात आणि निवासी संस्थांत राहिलेल्या लहान मुलांकडे बारकाईने पाहिलं. त्यांना तीन टप्पे दिसले: आधी आक्रोश, मग खचणं, आणि शेवटी अलिप्तपणा. तिसऱ्या टप्प्यातलं मूल वरवर शहाणं आणि शांत दिसतं, त्यामुळे मोठ्यांना वाटतं की ते रुळलं. वारंवार माणसं बदललेली मुलं कधी कधी बातमी ऐकताच थेट या शांतपणात जातात. पत्र लिहिताना या मुलाचं पत्र सर्वांत जास्त विचार करून लिहा, कारण ते तुम्हाला काहीच विचारणार नाही.

कारण किती सांगायचं

'काही अपरिहार्य कारणामुळे' हे शब्द कार्यालयीन पत्रात शोभतात. मुलाच्या पत्रात ते रिकामी जागा सोडतात, आणि ती जागा मूल स्वतःला घालून भरतं. लहान मुलं आजूबाजूला जे घडतं त्याचं कारण स्वतःकडे ओढून घेतात. आपण रागावलो म्हणून आई आजारी पडली, आपण खोटं बोललो म्हणून बाबा गेले, अशी त्यांची जोडणी असते. ज्याला घरातून आणून ठेवलंय त्या मुलाने ही जोडणी आधी एकदा तरी केलेली असते.

म्हणून कारण एका साध्या वाक्यात सांगायचं. 'मला दुसऱ्या गावात नवीन काम मिळालं आहे.' 'माझी तब्येत बरी नाही आणि रात्रीची कामं मला जमत नाहीत.' 'माझं वय झालं, नियमाप्रमाणे मला आता निवृत्त व्हायचं आहे.' एवढं पुरतं. त्याच्या पुढचं वाक्य मात्र सोडू नये: 'हे तुझ्यामुळे किंवा इथल्या कुठल्याही मुलामुळे झालेलं नाही.' आपल्याला हे उघड वाटतं, मुलाला नाही.

खरं कारणसुद्धा एकदा मुलाच्या जागी बसून वाचून पाहावं. 'माझ्या स्वतःच्या मुलांना वेळ देता यावा म्हणून मी जाते आहे' हे अगदी खरं असेल, पण घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला त्यातून एकच गोष्ट कळते, की निवड झाली आणि त्यात आपण हरलो. तेच कारण 'माझं घर दुसऱ्या गावी आहे, मला आता तिथे राहायचं आहे' असं लिहिलं तर त्यात खोटं काही नाही आणि तुलनाही नाही. 'आईची सेवा करायची आहे' या कारणाचंही तसंच. ज्याला आईकडे जाता येत नाही त्याच्यासाठी ते वेगळं टोचतं. लिहायला हरकत नाही, पण 'माझी आई आजारी आहे आणि तिच्याजवळ दुसरं कुणी नाही' एवढ्यावर थांबावं, आईच्या मायेचे गोडवे गाऊ नयेत.

व्यवस्थापनाशी पटलं नाही म्हणून जाणाऱ्यांची अडचण मोठी असते. कारण खरं सांगितलं तर ज्या लोकांच्या हाताखाली मुलांना राहायचंय त्यांच्यावरचा मुलांचा विश्वास जातो, आणि खोटं सांगितलं तर ते आज ना उद्या मुलांना कळतं. इथे असं लिहिता येतं: 'काम कसं करायचं याबद्दल आम्हा मोठ्या माणसांची मतं वेगळी होती. त्यावर आम्ही बोललो आणि मी दुसरीकडे काम करायचं ठरवलं. हा मोठ्यांचा निर्णय आहे, तो मोठ्यांनीच घेतला.' कोण बरोबर, कोण चूक, हे पत्रात येऊ द्यायचं नाही. पण मुलांच्या सुरक्षेबद्दलची तक्रार हे जाण्याचं कारण असेल, तर ती पत्रातल्या ओळींमध्ये लपवून मुलांच्या खांद्यावर टाकू नये. ती जिथे नोंदवायची तिथे, जाण्याआधी, लेखी नोंदवावी.

उद्यापासून काय बदलणार, काय नाही

हा भाग बहुतेक पत्रांतून गळतो आणि खरं तर मुलाला सर्वांत जास्त आधार त्याचाच असतो. मुलाचा दिवस ज्या छोट्या गोष्टींवर उभा असतो त्या तुम्हाला माहीत आहेत, तुमच्या जागी येणाऱ्याला माहीत नाहीत. कुणाला रात्री बाहेरचा दिवा चालू लागतो. कुणाला केस विंचरताना डाव्या बाजूने सुरुवात केलेली चालत नाही. कुणी रविवारी घरून फोन येईपर्यंत जेवत नाही.

या गोष्टी तुम्ही नव्या व्यक्तीला सांगितल्या आहेत, हे पत्रात नावानिशी लिहा. 'नवीन ताई तुझी काळजी घेतील' हे वाक्य कुणीही लिहितं आणि मुलाचा त्यावर विश्वास नसतो. 'दार थोडं उघडं ठेवायचं हे मी त्यांना सांगून ठेवलंय' या वाक्यावर विश्वास बसतो, कारण त्याच रात्री ते तपासता येतं. त्यासाठी अर्थात ते खरोखर सांगितलेलं असायला हवं. म्हणून क्रम असा: आधी प्रत्येक मुलाबद्दलच्या दोन-तीन ओळी हस्तांतरणाच्या वहीत लिहायच्या, त्या नव्या व्यक्तीशी बोलायच्या, आणि मग त्यातली एक पत्रात घ्यायची. वहीत काय सांगितलं तर चालेल हे मोठ्या मुलांना आधी विचारावं. चौदा वर्षांच्या मुलीला तिची पाळीच्या दिवसांतली अडचण परस्पर कुणाला कळलेली आवडणार नाही.

नवी व्यक्ती अजून ठरली नसेल, तर तसंच लिहायचं आणि मधल्या काळात कोण असणार ते सांगायचं. 'नवीन सर यायला वेळ लागेल. तोपर्यंत रात्री मावशी असतील आणि काही हवं असेल तर कार्यालयात सरांना सांगायचं.' अनिश्चिततासुद्धा स्पष्ट सांगितली की मूल ती सहन करू शकतं.

काय बदलणार नाही तेही लिहा: तीच खोली, तीच शाळा, शेजारचा पलंग त्याच मित्राचा. मात्र यातलं जे खात्रीने माहीत आहे तेवढंच. येत्या वर्षी खोल्या बदलणार असतील तर खोलीचं नाव घेऊ नका.

पुन्हा भेटीबद्दल

'मी लवकरच भेटायला येईन' हे निरोपाच्या पत्रांमधलं सर्वांत महाग वाक्य आहे. लिहिणारा ते प्रेमाने लिहितो, त्या क्षणी त्याला तसं वाटतही असतं. मूल मात्र दर रविवारी फाटकाकडे बघतं. दोन-तीन महिन्यांनी बघणं थांबतं, आणि त्याबरोबर पत्रातल्या बाकीच्या सगळ्या वाक्यांवरचा विश्वासही संपतो.

लिहायच्या आधी संस्थेच्या प्रमुखांशी बसून ठरवा की संपर्क ठेवता येणार आहे का, कसा आणि किती. काही ठिकाणी माजी कर्मचाऱ्यांना मुलांशी थेट संपर्क ठेवता येत नाही, आणि मुलांच्या सुरक्षेच्या दृष्टीने त्याला कारण आहे. अशा ठिकाणी स्वतःचा फोन नंबर चिठ्ठीत सरकवून देणं हे मुलाला गुपित सांभाळायला लावणं आहे. पत्र संस्थेच्या पत्त्यावर, कार्यालयामार्फत, एवढा मार्ग बहुतेक ठिकाणी मिळतो.

मग जमेल त्यापेक्षा कमी लिहा. महिन्याला पत्र जमेल असं वाटत असेल तर वर्षातून एकदा असं लिहा आणि ते पाळा. काहीच जमणार नसेल तर 'मला इथे पुन्हा यायला जमेल असं वाटत नाही. तू मला आठवशील आणि मला तुझी आठवण येईल, पण आपली भेट बहुधा होणार नाही' असं लिहायला हात अडखळतो. तरी तेच लिहायचं. खरा निरोप मिळालेलं मूल रडून मोकळं होतं. अर्धवट निरोप मिळालेलं मूल वाट बघत राहतं.

एक पत्र, पहिला आणि शेवटचा खर्डा

आता हे सगळं एका पत्रावर लावून बघू. समजा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला ओंकार म्हणू. तीन वर्षं वसतिगृहात आहे आणि जाणाऱ्या ताई त्याने पाहिलेल्या दुसऱ्या अधीक्षिका आहेत. महिन्यापूर्वी त्याने न्हाणीघरातला नळ तोडला, रात्रभर पाणी वाहिलं, आणि सकाळी कार्यालयात ताईंना बोलणी बसली. ती त्याने खिडकीबाहेरून ऐकली. ताई नवीन नोकरीसाठी दुसऱ्या गावी चालल्या आहेत, नळाचा काही संबंध नाही. त्यांनी लिहिलेला पहिला खर्डा असा:

'प्रिय ओंकार, जड अंतःकरणाने तुझा निरोप घेत आहे. काही कारणांमुळे मला हे वसतिगृह सोडावे लागत आहे. तू माझ्या मुलासारखाच आहेस. मन लावून अभ्यास कर, मस्ती करू नकोस, नवीन ताईंना त्रास देऊ नकोस. मी गेल्यावर रडू नकोस. मी लवकरच तुला भेटायला येईन. तुझी ताई.'

ओंकार हे कसं वाचेल? 'काही कारणांमुळे' म्हणजे नळामुळे. 'मस्ती करू नकोस, त्रास देऊ नकोस' म्हणजे मी मस्ती केली, मी त्रास दिला, म्हणून चालल्या. सात ओळींच्या पत्रातल्या दोन ओळींनी त्याचा संशय पक्का केला, आणि ताईंना त्याची कल्पनाही नाही. निरोपाच्या पत्रातला उपदेश बहुतेक वेळा असाच आरोपासारखा वाचला जातो. 'मुलासारखाच' या शब्दाने दुसरा घोळ होतो: आई मुलाला सोडून जाते का, आणि जाते तर मग तो शब्द कशाला? 'रडू नकोस' हे तर त्याच्याजवळची उरलेली एकुलती एक गोष्ट काढून घेणं आहे. 'जड अंतःकरण' नऊ वर्षांच्या मुलाला समजत नाही.

दुसऱ्यांदा लिहिताना त्यांनी नळाचा विषय उघड काढला. शेवटचं पत्र असं झालं:

'प्रिय ओंकार,

मी वसतिगृह सोडून जाणार आहे हे मी तुला सोमवारी सांगितलं. तेव्हा तू काही बोलला नाहीस, म्हणून जे सांगायचं राहिलं ते लिहून ठेवते. तुला हवं तेव्हा वाच.

मला दुसऱ्या गावात, एका शाळेत काम मिळालं आहे. तिकडे राहावं लागतं, म्हणून मी जाते आहे. तू तोडलेल्या नळामुळे मी जात नाही. नळ तुटायच्या आधीच मी त्या शाळेत अर्ज केला होता. त्या दिवशी कार्यालयात जे मोठ्याने बोलणं झालं ते तू ऐकलंस, मला माहीत आहे. ते नळाबद्दल होतं, ते त्याच दिवशी संपलं. नळ आता नवीन बसवला आहे.

मी गेल्यावर तुमच्याकडे नवीन ताई असतील. त्या दोन वेळा येऊन गेल्या, निळी पिशवी घेऊन आलेल्या त्याच. तू रात्री उठलास की बाहेरचा दिवा लागतो हे मी त्यांना सांगितलं आहे. तुला गणित आवडतं आणि वाचताना मोठ्याने वाचायला आवडत नाही हेही सांगितलं आहे. तुझा पलंग आहे तिथेच राहील.

मी इथे आले तेव्हा पहिल्या पावसात तू गच्चीवर कागदाच्या होड्या केल्या होत्यास आणि सगळ्यांत छोट्या मुलाला सर्वांत मोठी दिली होतीस. मी ते पाहिलं होतं. तुला सांगायचं राहून गेलं होतं.

मला इथे भेटायला येता येणार नाही, गाव लांब आहे. तुझ्या वाढदिवसाला मी कार्यालयाच्या पत्त्यावर एक पत्र पाठवीन. तुला लिहावंसं वाटलं तर कार्यालयात दे, ते माझ्यापर्यंत पोहोचवतील. नाही लिहिलंस तरी मी रागावणार नाही.

राग आला, रडू आलं, किंवा काहीच वाटलं नाही, तरी ते सगळं चालतं.

ताई'

या पत्रात कुठेही 'मला तुझा फार लळा आहे' असं लिहिलेलं नाही. होडीची ओळ ते काम करते. कुणीतरी आपल्याकडे नीट पाहत होतं, तेव्हाही जेव्हा आपल्याला माहीत नव्हतं, हे मुलाला त्यातून मिळतं. आठवण निवडताना मुलाचं बक्षीस किंवा गुण टाळा. ती शाळेने नोंदवलेली असतात. तुमच्याशिवाय कुणी पाहिली नाही अशी गोष्ट शोधा. 'नाही लिहिलंस तरी मी रागावणार नाही' ही ओळही महत्त्वाची, नाहीतर मुलाला पत्र हे देणं वाटायला लागतं.

भाषा बघा: वाक्यं लहान, बोलण्यातली. मुलाला वाचता येतं त्यापेक्षा थोडं सोपं लिहिलेलं बरं, कारण दाटून आलेल्या डोळ्यांनी वाचणं आणखी कठीण जातं. लांबी एका पानाच्या आत.

चाळीस मुलं असतील तर

प्रत्येकाला पानभर पत्र लिहिणं शक्य नसतं. सगळ्यांसाठी एक सामायिक पत्र लिहा, ज्यात कारण, पुढची व्यवस्था आणि संपर्क या तीन गोष्टी असतील, आणि ते सगळ्यांसमोर स्वतः वाचून दाखवा. त्याशिवाय प्रत्येक मुलाला सात-आठ ओळी: एक आठवण, त्याच्या दिवसातली एक गोष्ट जी तुम्ही पुढे सांगितली आहे, आणि काही खास शंका असेल तर तिचं उत्तर.

कागद सगळ्यांना सारखाच वापरा आणि लांबीही साधारण सारखी ठेवा. मुलं ओळी मोजतात. जिला पाच ओळी आणि शेजारणीला दोन पानं मिळाली, तिला ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं.

यादीतल्या आवडत्या मुलापासून सुरुवात करू नका. ज्याच्याशी जमलं नाही, जो सतत अंगावर यायचा, त्याचं पत्र पहिल्या दिवशी लिहा, मन ताजं असताना. त्याच्याबद्दल एकही चांगली आठवण सुचत नसेल तर रात्रपाळीच्या मावशींना, स्वयंपाकघरातल्या ताईंना विचारा. त्यांनी त्याचं वेगळं रूप पाहिलेलं असतं. खोटी स्तुती मात्र लिहू नका. 'आपलं पुष्कळदा भांडण झालं. तरी तू रोज सकाळी सगळ्यात आधी उठून मला हाक मारायचास, ती मला आवडायची' हे त्याला पटेल, कारण दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

ही पत्रं खासगी राहत नाहीत, हे धरून चाला. ती मैत्रिणीला दाखवली जातात, गादीखालून चोरली जातात, भांडणात मोठ्याने वाचली जातात. मुलाच्या घरची हकीकत, आजार, न्यायालयातलं प्रकरण, अंथरूण ओलं करणं, यातलं काही पत्रात येता कामा नये. दुसऱ्या मुलाचं नावही शक्यतो नको. होडीच्या ओळीत 'सगळ्यांत छोटा मुलगा' इतकंच आहे ते त्यामुळेच. ज्याला असं काही सांगायचं असेल त्याला तोंडाने सांगा.

हातात देताना

पत्र जाण्याच्या दिवशी देऊ नका, दोन-तीन दिवस आधी द्या, म्हणजे वाचून मनात आलेला प्रश्न विचारायला तुम्ही समोर असाल. उशाखाली ठेवून देऊ नका. हातात द्या आणि 'मी वाचून दाखवू, की तू नंतर वाचशील?' असं विचारा. वाचता न येणाऱ्या मुलाला वाचून दाखवा आणि पुढे पुन्हा कोण वाचून देईल तेही ठरवा. अशा मुलाच्या पत्रात एखादं चित्र काढा, त्याचा पलंग, फाटक, काहीही ओळखीचं. चित्र चांगलं यायला हवं असं नाही.

प्रत्येक पत्राची प्रत काढून ती मुलाच्या फाईलमध्ये बंद पाकिटात ठेवायला सांगा. मुलं पत्र फाडतात. संतापाच्या भरात फाडतात आणि आठवड्याने तुकडे शोधतात, किंवा दहा वर्षांनी विचारतात. तेव्हा ती प्रत असली पाहिजे. वर पूर्ण तारीख आणि मुलाचं पूर्ण नाव लिहा, खाली तुमचं पूर्ण नाव आणि मुलं ज्या नावाने हाक मारायची ते नाव, दोन्ही. मोठं झाल्यावर आपल्या लहानपणाची माहिती गोळा करू पाहणाऱ्याकडे कित्येकदा फक्त 'ताई' एवढाच शब्द उरलेला असतो.

पत्र समोर फाडलं तर ओरडू नका, समजूतही घालू नका. 'राग आलाय ते दिसतंय. पत्राची एक प्रत कार्यालयात आहे, तुला हवी तेव्हा मागता येईल' एवढं बोलून जवळ बसा. त्या दिवशी मूल घरी किंवा रुग्णालयात असेल तर पत्र दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळे होऊ नका. आधी फोनवर बोला, मग पत्र पोहोचवा.

मूल सांभाळणाऱ्या कुटुंबाने थांबायचं ठरवलं तर

वसतिगृहातून अधीक्षक जातात तेव्हा मूल जागेवर राहतं. कुटुंबात सांभाळलेलं मूल मात्र स्वतः उचललं जातं, आणि बऱ्याचदा कारण हेच असतं की त्या कुटुंबाला त्याचं वागणं झेपलं नाही. इथे 'हे तुझ्यामुळे झालेलं नाही' असं सरळ लिहिणं खोटं ठरेल, आणि मुलाला ते लगेच कळेल. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये स्वीकारलेल्या पर्यायी देखभालीच्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलं आहे की देखभालीची जागा वारंवार बदलणं मुलाच्या विकासाला आणि नातं जोडण्याच्या क्षमतेला घातक असतं. बदल टळला नाही, तर निदान त्याची जबाबदारी मुलावर न टाकणं पत्राच्या हातात असतं.

लिहायचं ते असं: 'घरात खूप कठीण दिवस आले. तू रागावायचास तेव्हा तुला नक्की काय हवं होतं ते आम्हाला ओळखता आलं नाही. ते ओळखणं आमचं काम होतं, तुझं नव्हतं. ज्यांना हे जास्त चांगलं जमतं अशा माणसांकडे तू जावंस असं आम्ही आणि तुझ्या सामाजिक कार्यकर्त्या ताईंनी मिळून ठरवलं.' यात वागण्याचा उल्लेख आहे, पण निर्णय मोठ्यांच्या नावावर आहे. सोबत त्या घरातले त्याचे फोटो, शाळेची प्रगतिपुस्तकं, त्याने काढलेली चित्रं एका डब्यात द्या. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत भरून पाठवू नका, बॅग घ्या. पत्रात काहीही लिहिलं तरी मूल ती पिशवीही वाचतं. हे पत्र पाठवण्याआधी सामाजिक कार्यकर्त्यांना दाखवा, कारण नव्या ठिकाणी मूल त्याबद्दल विचारेल ते त्यांनाच.

गेल्यानंतर

पहिलं उत्तर आलं तर ते दोन ओळींचं असेल, किंवा त्यात फक्त नव्या ताईंच्या तक्रारी असतील. तक्रारीत बाजू घेऊ नका, पण ती मारहाणीची किंवा कुणी अंगचटीला येण्याची असेल तर त्याच दिवशी संस्थेच्या प्रमुखांना आणि बालसंरक्षणाचं काम बघणाऱ्या यंत्रणेला कळवा, आणि तसं कळवलंय हे मुलालाही सांगा. एरवी उत्तर तेवढ्याच लांबीचं द्या. 'तुझ्याशिवाय करमत नाही' असं लिहू नका, मग तुमची काळजी घेणं हे मुलाचं काम होऊन बसतं. नव्या व्यक्तीबद्दल एक साधा प्रश्न विचारा: रात्री दिवा लावतात ना? नाही म्हणून उत्तर आलं तर कार्यालयाला एक फोन करून तेवढं सांगा. आणि वाढदिवसाचं पत्र टपालात टाकायची तारीख, वाढदिवसाच्या आठ दिवस आधीची, आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.